फरक आहे, पण कोणाकोणांत?

तीस रोपांचा एक छोटा प्रयोग सांख्यिकीच्या वर्गांत अनेक वर्षे शिकवला जातो. रोपे तीन गटांत वाटलेली, प्रत्येक गटात दहा. एक गट नेहमीच्या परिस्थितीत वाढवलेला, म्हणजे नियंत्रण गट, ज्याला शेतीच्या प्रयोगांत सगळे सरळ ‘कंट्रोल’च म्हणतात. उरलेल्या दोन गटांना दोन वेगवेगळे उपचार दिले. ठरलेल्या काळानंतर रोपे काढली, वाळवली आणि प्रत्येकाचे कोरडे वजन घेतले. ॲनेट डॉबसन यांच्या 1983 सालच्या पाठ्यपुस्तकातून ही वजने R या संगणकीय भाषेत आली. तिथे ती `PlantGrowth` या नावाने कोणालाही पाहता येतात. त्या नोंदीत वजनाचे एकक दिलेले नाही, म्हणून मीही येथे नुसते आकडेच देतो.

कंट्रोलचे सरासरी वजन 5.03 भरले, पहिल्या उपचाराचे 4.66 आणि दुसऱ्याचे 5.53. म्हणजे दुसऱ्या उपचाराची रोपे कंट्रोलपेक्षा सुमारे अर्ध्या एककाने भारी निघाली. प्रयोग करणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येणार: हा उपचाराचा गुण, की त्या दहा रोपांचे नशीब?

याचे उत्तर काढण्याची सर्वांना माहीत असलेली रीत म्हणजे टी-चाचणी. दोन गट घ्यायचे, त्यांच्या सरासरीतला फरक पाहायचा आणि गटांच्या आतल्या चढउताराच्या मानाने तो केवढा आहे ते मोजायचे. कंट्रोल आणि दुसरा उपचार एवढेच दोन गट घेऊन ही चाचणी केली, तर पी-मूल्य 0.048 येते. पी-मूल्याचा अर्थ असा: उपचाराचा काहीच परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. रूढ संकेत असा की ती 0.05 पेक्षा कमी असली की फरक ‘लक्षणीय’ म्हणायचा. 0.048 त्या रेषेच्या अगदी अलीकडे आहे. अहवालात एक वाक्य लिहायला तेवढे पुरते: दुसऱ्या उपचाराने रोपांची वाढ लक्षणीयरीत्या सुधारली.

याच तीस वजनांवर योग्य रीतीने काम केले, तर हे वाक्य टिकत नाही. ते का टिकत नाही, हे नीट समजले तर शेतीच्या, बागकामाच्या आणि खतांच्या प्रयोगांचे बरेच तक्ते वेगळ्या नजरेने वाचता येतात.

0.05 च्या रेषेचा दुसरा अर्थ आधी लक्षात घ्यायला हवा. खरा फरक मुळीच नसताना केलेल्या शंभर तुलनांपैकी सुमारे पाचांत ‘फरक आहे’ असे उत्तर मिळेल, ही किंमत आपण आधीच मान्य केलेली असते. अशा उत्तराला मी येथे खोटा होकार म्हणतो. एकच प्रश्न विचारला तर खोट्या होकाराची शक्यता पाच टक्के राहते. पण तीन गट असले की जोड्या तीन होतात: कंट्रोल आणि पहिला उपचार, कंट्रोल आणि दुसरा, पहिला आणि दुसरा. प्रत्येक जोडीला चुकण्याची स्वतंत्र संधी मिळते. तिन्हींत मिळून निदान एक खोटा होकार येण्याची शक्यता आपल्या प्रयोगाएवढ्या आकड्यांत सुमारे बारा टक्क्यांवर जाते. जोड्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असत्या, तर ती चौदा टक्के झाली असती. पण प्रत्येक गट दोन जोड्यांत येतो, म्हणून ती थोडी कमी राहते.

बारा टक्के हा आकडा फार भीतीदायक वाटणार नाही. मात्र शेतीच्या प्रयोगांत तीनच गट क्वचित असतात. दहा वाण किंवा दहा खतमात्रा ही साधी गोष्ट आहे आणि दहा गटांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. दहाही वाण अगदी सारखे असले, तरी पंचेचाळीस टी-चाचण्यांत सरासरी दोन-सव्वादोन ‘लक्षणीय’ फरक सापडतील. निदान एक तरी सापडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. म्हणजे काहीही न घडलेल्या प्रयोगातूनही बहुधा एखादा ‘निष्कर्ष’ हाती येतोच.

येथे कोणी म्हणेल, मी पंचेचाळीस चाचण्या केल्याच नाहीत. आलेख पाहिला, सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका स्तंभ निवडला आणि तेवढ्याच दोघांची एक टी-चाचणी केली. पण आलेख पाहताना त्याच्या डोळ्यांनी पंचेचाळीसही तुलना करून झालेल्या असतात, आणि सर्वांत मोठा फरक मुद्दाम वेचून काढलेला असतो. कागदावर एकच चाचणी दिसली, तरी खोट्या होकाराचा धोका पंचेचाळिसांचाच राहतो. पोस्ट हॉक, म्हणजे आकडे पाहिल्यानंतर सुचलेल्या तुलनांची खरी अडचण ही आहे. तुलना किती केल्या हे वहीतल्या चाचण्या मोजून ठरत नाही. किती तुलनांमधून ही एक निवडली, त्यावर ते ठरते.

यावर पहिली उपाययोजना रोनाल्ड फिशर यांची. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना 1920 च्या दशकात त्यांनी ॲनोव्हा, म्हणजे प्रचरण विश्लेषण, घडवले. त्यात जोड्या बाजूला ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात: सगळे गट मिळून पाहिले, तर त्यांच्या सरासरी एकमेकींपासून जितक्या पसरल्या आहेत तितक्या निव्वळ योगायोगाने पसरतील का? त्यासाठी दोन चढउतार मोजायचे. एक गटागटांतला आणि एक गटांच्या आतला. एकाच गटातली, एकसारखी वागवलेली रोपेही सारख्या वजनाची नसतात. पहिल्या उपचाराच्या गटातच एक रोप 3.59 चे होते आणि दुसरे 6.03 चे. हा आतला चढउतार म्हणजे योगायोगाचे माप.

आपल्या प्रयोगात गटागटांतला चढउतार 1.88 येतो आणि गटांच्या आतला 0.389. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 4.85 मिळते. हे एफ-मूल्य. उपचारांचा काहीच परिणाम नसता, तर ते एकाच्या आसपास आले असते. तीन गट आणि तीस रोपे असताना पाच टक्क्यांची रेषा 3.35 वर पडते. 4.85 तिच्या बरेच वर आहे आणि पी-मूल्य 0.016 आहे. म्हणजे तिन्ही सरासरी सारख्याच आहेत हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

ॲनोव्हा येथे थांबते. कुठेतरी फरक आहे, एवढे ती सांगते. तो कोणाकोणांत आहे, हे सांगत नाही. आणि शेतकऱ्याला, माळ्याला, संशोधकाला हवे असते ते नेमके हेच. म्हणून ॲनोव्हानंतर जोड्यांकडे वळावे लागते, आणि खोट्या होकारांचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

त्यावर जॉन टुकी यांनी सुचवलेला विचार मला फार सुंदर वाटतो. टुकी अमेरिकी गणितज्ञ, प्रिन्स्टनचे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1950 च्या सुरुवातीला त्यांनी हा प्रश्न मुळापासून हाताळला. त्यांनी विचारले, सगळे गट खरोखर सारखे असताना सर्वांत मोठी सरासरी आणि सर्वांत लहान सरासरी यांच्यात योगायोगानेच केवढे अंतर पडेल? गट दोनच असले तर ते अंतर लहान राहील. गट वाढले की ते वाढतच जाणार, कारण दहा आकड्यांतले टोकाचे दोन हे तीन आकड्यांतल्या टोकाच्या दोहोंपेक्षा साहजिकच अधिक दूर असतात. मग टोकाच्या या अंतरासाठी पाच टक्क्यांची रेषा काढायची आणि प्रत्येक जोडीला तीच रेषा लावायची. टोकाची जोडीच योगायोगाने ती रेषा ओलांडण्याची शक्यता पाच टक्के असेल, तर मधल्या कोणत्याही जोडीने ती ओलांडण्याची शक्यता त्यात आपोआप सामावते. जोडी आधी निवडली की नंतर, याने काही बिघडत नाही.

आपल्या प्रयोगात हा हिशेब हाताने करता येतो. गटांच्या आतला चढउतार 0.389. त्याला गटातल्या दहा रोपांनी भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. 0.197 मिळते, ही एका सरासरीची प्रमाण त्रुटी. तीन गटांसाठी टुकींच्या कोष्टकातला गुणक 3.51 आहे. दोहोंचा गुणाकार 0.69. आता एवढेच पाहायचे: ज्या दोन सरासरींमधले अंतर 0.69 पेक्षा जास्त, त्या दोघांत लक्षणीय फरक.

पहिला आणि दुसरा उपचार यांच्यातले अंतर 0.865. ते 0.69 च्या पलीकडे आहे. कंट्रोल आणि पहिला उपचार, 0.371. नाही. कंट्रोल आणि दुसरा उपचार, 0.494. तेही नाही. टुकींच्या पद्धतीने दुरुस्त केलेली पी-मूल्ये अनुक्रमे 0.012, 0.39 आणि 0.20 येतात. ज्या तुलनेने 0.048 देऊन आशा दाखवली होती, ती 0.20 वर गेली. R मध्ये हे सगळे तीन ओळींत होते:

```r
m <- aov(weight ~ group, data = PlantGrowth)
summary(m)
TukeyHSD(m)
```

0.048 ते 0.20 हा सगळा प्रवास एकाच कारणाने झालेला नाही आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यात दोन पायऱ्या आहेत. सुट्या टी-चाचणीने तिसरा गट विचारातच घेतला नव्हता. ॲनोव्हा योगायोगाचे माप तिन्ही गटांवरून काढते, आणि पहिल्या उपचाराची रोपे फार कमीजास्त वजनांची असल्यामुळे हे माप वाढते. तेवढ्यानेच पी-मूल्य 0.048 वरून 0.088 वर जाते. पुढची वाढ, 0.088 पासून 0.20 पर्यंत, तीन तुलनांची किंमत आहे.

पहिल्या पायरीवर आक्षेप घेता येईल. पहिल्या उपचाराची रोपे मुळातच अधिक विषम वाढत असतील, तर त्यांची विषमता दुसऱ्या दोन गटांवर का लादायची? आक्षेप योग्य आहे, म्हणून ॲनोव्हाआधी गटांचा पसारा साधारण सारखा आहे का, हे तपासायचे असते. बार्टलेट यांच्या चाचणीत येथे पी-मूल्य 0.24 येते, म्हणजे पसाऱ्यात ठळक तफावत सिद्ध होत नाही. तरीही शंका उरत असेल, तर गेम्स आणि हॉवेल यांची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक जोडीला त्या दोन गटांचाच पसारा लावतात आणि तुलनांच्या संख्येची किंमतही चुकवतात. तिने कंट्रोल आणि दुसऱ्या उपचाराचे पी-मूल्य 0.11 च्या आसपास येते. वाट कोणतीही घेतली, तरी तुलनांची संख्या हिशेबात धरली की ते वाक्य अहवालात राहत नाही.

आता निकाल वाचायचा कसा, यावर थोडे थांबू. पहिला उपचार आणि कंट्रोल यांत फरक सिद्ध झाला नाही. कंट्रोल आणि दुसरा उपचार यांतही झाला नाही. पण पहिला आणि दुसरा उपचार यांत झाला. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटते: पहिला कंट्रोलसारखा आणि कंट्रोल दुसऱ्यासारखा, तर पहिला दुसऱ्यासारखा का नाही? कृषी प्रबंधांच्या तक्त्यांत हेच अक्षरांनी दाखवतात. दुसऱ्या उपचारापुढे ए, कंट्रोलपुढे एबी, पहिल्या उपचारापुढे बी. ज्यांच्यात एक तरी अक्षर समान, त्यांच्यातला फरक सिद्ध झालेला नाही. कोडे सुटते ते ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की. कंट्रोल मध्ये उभा आहे. दोन्ही बाजूंना असलेली अंतरे खरी असू शकतात, पण एवढ्या रोपांत ती योगायोगापासून वेगळी ओळखता आलेली नाहीत.

हे अक्षरांपेक्षा विश्वास-अंतरात जास्त स्पष्ट दिसते. टुकींच्या पद्धतीने दुसरा उपचार आणि कंट्रोल यांच्यातला खरा फरक उणे 0.20 ते अधिक 1.19 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे उपचार किंचित घातकही असू शकतो, निरुपयोगीही असू शकतो आणि उत्तमही असू शकतो. ‘दुसरा उपचार कंट्रोलइतकाच आहे’ असे लिहिणाऱ्याने ‘दुसऱ्या उपचाराने वाढ सुधारली’ असे लिहिणाऱ्याइतकीच चूक केली.

उत्तर हवे तर रोपे वाढवावी लागतात. फरक आणि पसारा हाच राहिला असे धरून प्रत्येक गटात दहाऐवजी वीस रोपे घेतली, तर 0.69 ची रेषा 0.47 वर येते. खरा फरक 0.494 असेल, तर तो सापडण्याची शक्यता तेव्हा निम्म्याच्या थोडी वर जाते. ती ऐंशी टक्क्यांवर न्यायची, तर गटात सुमारे तेहतीस-चौतीस रोपे लागतील. हा हिशेब बी पेरण्याआधी करायचा असतो. काढणीनंतर तो पश्चात्तापालाच कामी येतो.

आता महाराष्ट्रातल्या कृषी पदवीधरांच्या ओळखीच्या एका गोष्टीकडे येतो. त्यांच्या प्रबंधांत तक्त्याच्या तळाशी दोन ओळी असतात. एक प्रमाण त्रुटीची आणि दुसरी ‘सी.डी. ॲट 5 पर्सेंट’ अशी. सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन सरासरींतले अंतर त्याहून जास्त असले की फरक लक्षणीय. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे शेती कार्यकर्त्यांसाठीचे सांख्यिकीचे इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1950 च्या दशकात काढले. भारतातल्या कृषी संशोधकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या आणि सी.डी. काढायची सवय सर्वत्र रुजली.

ही सी.डी. म्हणजे फिशर यांचीच जुनी पद्धत. तिच्यात गुणक टी-चाचणीचा असतो आणि गट किती आहेत याची तिला पर्वा नसते. आपल्या तीन गटांत सी.डी. 0.57 येते, टुकींची रेषा 0.69. तफावत बेताची आहे. पण दहा वाण आणि प्रत्येकाची चार पुनरावृत्ती असा साधा प्रयोग घेतला, तर सी.डी. प्रमाण त्रुटीच्या 2.89 पट राहते आणि टुकींची रेषा 4.82 पट होते. या दोन रेषांच्या मध्ये पडणारे सगळे ‘लक्षणीय’ फरक संशयास्पद असतात.

सी.डी.ची बाजू घेणारे सांगतात की तिच्यापुढे एक दार आहे. आधी ॲनोव्हा करायची, एफ लक्षणीय आला तरच सी.डी. काढायची. एफ आला नाही तर दार बंद, मग जोड्यांकडे पाहायचेच नाही. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि किती तथ्य आहे ते नेमके सांगता येते. गट तीन असतील तर दार पूर्ण काम करते आणि खोट्या होकाराची शक्यता पाच टक्क्यांतच राहते. कारण असे: तिन्ही गट सारखे असतील तर एफ शंभरातून पाचदाच दार उघडतो. एक गट वेगळा असेल, तर सारखे असलेले उरतात दोनच, म्हणजे एकच जोडी, आणि तिचा धोका पाच टक्केच. म्हणून `PlantGrowth` सारख्या प्रयोगात आधी एफ पाहून सी.डी. लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. येथे तर 0.494 हे अंतर 0.57 च्या सी.डी.लाही ओलांडत नाही. निकाल तोच लागतो.

चौथा गट आला की मात्र दार फसवू लागते. समजा प्रयोगात दहा उपचार आहेत आणि त्यांतला एक म्हणजे काहीही खत न दिलेला कंट्रोल. उपाशी ठेवलेले पीक कमी येणार हे पेरण्याआधीच ठाऊक असते. त्या एका गटामुळे एफ हमखास लक्षणीय येतो आणि दार सताड उघडते. आता आत कोण जाते? उरलेल्या नऊ खतमात्रा. त्या नऊही अगदी सारख्या परिणामाच्या असल्या, तरी त्यांच्या छत्तीस जोड्या कोणत्याही संरक्षणाशिवाय तपासल्या जातात. एफने इमानाने एवढेच सांगितले होते की कुठेतरी फरक आहे, आणि तो कंट्रोलमध्ये होता. पण त्याच्या जोरावर ‘पाचवी मात्रा आठवीपेक्षा लक्षणीयरीत्या सरस’ असे वाक्य छापले जाते. माझ्या मते शेतीच्या प्रयोगांत खोट्या होकारांची ही सर्वांत सोपी वाट आहे. तिच्यावरून जाणाऱ्याने पाठ्यपुस्तकातला नियम मोडलेला नसतो, म्हणूनच ती लक्षात येत नाही.

डंकन यांची 1955 ची बहुविस्तार चाचणी, जिला प्रबंधांत ‘डीएमआरटी’ म्हणतात, ही मधली वाट. ती गटांची संख्या थोडी विचारात घेते. पण तिची रचनाच अशी आहे की दहा सारख्या गटांत निदान एक खोटा होकार येण्याची शक्यता 37 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तक्त्यात तिची अक्षरे टुकींच्या अक्षरांसारखीच दिसतात. तळटीप वाचल्याशिवाय कोणती कोणाची ते कळत नाही.

टुकींची पद्धत प्रत्येक वेळी लावावी, असेही नाही. कधी सगळ्या जोड्यांमध्ये रस नसतो. आमचा उपचार कंट्रोलपेक्षा बरा आहे का, एवढाच प्रश्न असतो. मग तीन जोड्यांची किंमत का भरायची? त्यासाठी चार्ल्स डनेट यांची 1955 चीच चाचणी आहे. ती प्रत्येक उपचाराची तुलना फक्त कंट्रोलशी करते. आपल्या प्रयोगात तिने दुसऱ्या उपचाराचे पी-मूल्य 0.15 येते, टुकींच्या 0.20 पेक्षा कमी. रेषा 0.65 वर सरकते. एक अट मात्र आहे. कंट्रोलशीच तुलना करायची, हे आकडे पाहण्याआधी ठरलेले हवे. टुकींनी नकार दिला म्हणून डनेटकडे गेलो, तिथेही जमले नाही म्हणून सुट्या टी-चाचणीकडे आलो, असे करणारा चाचण्यांमधूनच निवड करत असतो, आणि त्या निवडीची किंमत कोणत्याही कोष्टकात नसते.

थोड्याच ठरवलेल्या तुलना असतील, तर बोन्फेरोनी यांच्या नावाची साधी रीतही चालते: प्रत्येक पी-मूल्याला तुलनांच्या संख्येने गुणायचे. 0.088 ला तीनाने गुणले की 0.26. हिशेब कागदावर होतो, पण तुलना वाढल्या की ती फार कठोर होते. स्टुरे होल्म यांनी 1979 मध्ये तिची सुधारित आवृत्ती दिली. ती बोन्फेरोनीपेक्षा कधीच वाईट ठरत नाही, म्हणून त्या दोघांत मी होल्म निवडेन. आणि गट म्हणजे एकाच खताच्या चढत्या मात्रा असतील, 0, 40, 80, 120 किलो नत्र अशा, तर जोड्यांच्या मागे लागण्यात अर्थच नाही. 80 आणि 120 मध्ये फरक आहे का, यापेक्षा मात्रेबरोबर वाढ कशी चढते आणि कुठे सपाट होते, हा प्रश्न खरा. त्याला पोस्ट हॉक चाचणीची गरज नसते, वक्र बसवावा लागतो.

एका चुकीपुढे मात्र टुकी, डनेट, होल्म सगळेच हतबल ठरतात. `PlantGrowth` मधली दहा वजने ही दहा स्वतंत्र रोपांची आहेत. उपचार त्यांना चिठ्ठ्या टाकून वाटलेला असतो, असे आपण धरतो. आता समजा कोणी एका मोठ्या कुंडीत दहा रोपे लावली, त्या कुंडीला एक उपचार दिला आणि दहा वजने घेतली. कागदावर आकडे दहा असले, तरी उपचार मिळाला एका कुंडीला. ती कुंडी खिडकीजवळ असेल, तिची माती भुसभुशीत असेल, तर दहाही रोपे एकत्रच चांगली वाढतील. त्यामुळे गटांच्या आतला चढउतार खोटाच लहान दिसतो, एफ फुगतो आणि त्यापाठोपाठ जोड्यांचे फरकही. तुलनांची दुरुस्ती प्रश्नांची संख्या पाहते. आकडे खरोखर किती आहेत, हे तिला कळत नाही. ओळखायची खूण साधी आहे: उपचार ज्याला दिला ते एकक मोजा. तक्त्यात रोपे तीस पण कुंड्या तीनच असतील, तर त्या तक्त्याखालच्या कोणत्याही पी-मूल्यावर विसंबू नका.

म्हणून प्रबंध आणि अहवाल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. तक्त्याखाली नुसती सी.डी. किंवा नुसती अक्षरे देऊ नका. चाचणीचे नाव, एकूण गट, कोणत्या तुलना आधी ठरल्या होत्या आणि पुनरावृत्तीचे एकक कोणते, हे दोन ओळींत लिहा. अक्षरांबरोबर प्रत्येक महत्त्वाच्या फरकाचे विश्वास-अंतर द्या. आणि परिशिष्टात एकेका रोपाचे वजन द्या. डॉबसन यांनी तीसही वजने छापली, म्हणून आज कोणालाही 0.048 पासून 0.20 पर्यंतची प्रत्येक पायरी स्वतः तपासता येते. नुसत्या सरासरी आणि अक्षरे छापलेल्या तक्त्यावर हे करता येत नाही.